ट्यूबलाइटसमोर चार गुडघे

आमच्या घरात एक्स-रे बघायची एक पद्धत आहे. रात्रीची जेवणं आटोपली की रत्नाकरकाका खुर्चीवर चढतात, फिल्म ट्यूबलाइटला जवळजवळ चिकटवतात, आणि आम्ही बाकीचे खालून माना वर करून बघतो. कुणालाच काही कळत नाही, पण प्रत्येकाला मत असतं. मला तर दोन-दोन असतात.

त्या रात्री दोन पाकिटं होती. आमच्या समाजाच्या भवनात, चामराजपेटेत, गुडघ्यांचं मोफत तपासणी शिबिर झालं होतं. विद्याकाकीचे गुडघे दुखत होते म्हणून ती गेली. सोबत म्हणून आज्जी गेली आणि तिथे गेल्यावर म्हणाली, "माझाही काढा की फोटो. एवढी रांगेत उभी राहिलेय मी." म्हणून तिचाही निघाला. दोन बायका, चार गुडघे, सगळे निळसर काळे आणि भुतासारखे पांढरे. मला इतकी मजा वाटत होती की मी खुर्चीखालीच उभी होते.

"ही आईची," काका म्हणाले. "रिपोर्ट वाच गं, काव्या."

मी नववीत आहे आणि इंग्रजी माध्यमात आहे, म्हणून घरातली सगळी इंग्रजी कागदपत्रं माझ्याकडे येतात. (आई-बाबा दावणगिरीला असतात, बाबांची गिरणी तिथे आहे. मी शाळेसाठी काका-काकींकडे.) मी खणखणीत आवाजात वाचलं. आज्जीचा रिपोर्ट लांबलचक होता: दोन हाडांमधली जागा स्पष्ट कमी झालेली, कडांना हाडाचे कोंब फुटलेले, ग्रेड तीन.

"कोंब?" आज्जी म्हणाली. "बटाट्याला फुटतात तसे?"

"तसेच," मी म्हणाले, कारण फिल्मवर खरंच तसंच दिसत होतं. हाडाची कड सरळ असायची तिथे चोच काढल्यासारखी बाहेर आली होती.

"बघा बघा," आज्जी एकदम खूश. आपल्याला काहीतरी मोठं झालंय याचा तिला अभिमानच वाटला.

मग काकीचा. तो दोनच ओळींचा होता. जागा ठीक, कड किंचित शंकास्पद, ग्रेड एक.

काका खुर्चीवरून उतरले. फिल्म पाकिटात सरकवता सरकवता म्हणाले, "म्हणजे काही नाही."

काकी भिंतीला टेकून पाय लांब करून बसली होती, कारण तिला मांडी घालता येत नव्हती. उठताना तिने शिलाई मशीनचा पाय धरला, मग मशीनची फळी, मग खिडकीचा गज.

हे सगळं एवढ्यावरच राहिलं असतं तर मी लिहिलंच नसतं. पण त्या आठवड्यात फ्लॅट ठरायचा होता. काकांनी बनशंकरीला एका नव्या इमारतीत घर घ्यायचं नक्की केलं होतं आणि तिथे दोनच उरले होते: एक तळमजल्यावर, एक तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. काकांना तिसरा हवा होता. आज्जीलाही. वर वारा असतो, डास नसतात आणि दोन जिने चढले की गच्ची, म्हणजे सांडगे, पापड, कुरडया सगळं घरच्या घरी. काकी एकटीच म्हणत होती, मला रोज ते जिने जमणार नाहीत. काका म्हणाले होते, एक्स-रे काढू, मग ठरवू. आणि आता एक्स-रे आला होता.

"अहो, पण मला दुखतं," काकी मशीनला धरून उभी राहत म्हणाली.

"फिल्ममध्ये काय आहे ते दिसलं ना सगळ्यांना? आईचे गुडघे झिजलेत आणि ती बघ, रोज देवळात जाऊन येते. सोमवारी बिल्डरला फोन करायचाय मला."

आज्जी म्हणाली, "स्वल्प चालत जा गं तू. बसून बसून आखडतात. मी बघ."

काकी आत गेली. मला तिच्या पाठीकडे बघून कसंतरी झालं, पण खरं सांगू? त्याहून जास्त मला प्रश्न पडला होता. जिचं हाड झिजलंय तिला दुखत नाही आणि जिचं झिजलं नाही तिला दुखतं. हे उत्तर कुठेतरी चुकलंय. गणितात असं आलं की मी आधी उदाहरण नीट उतरवून घेतलंय का ते बघते. आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला: पाकिटं बदलली!

दुसऱ्या दिवसापासून मी दोघींच्या मागे लागले.

"आज्जी, मांडी घाल."

तिने घातली.

"उठ."

उठली. हात न टेकता. गुडघ्यातून करकर असा आवाज आला, वाळू दळल्यासारखा.

"आवाज येतोय! दुखलं?"

"नाही गं बाई. सकाळी उठल्यावर जरा घट्ट असतात, दोन मिनिटं. मग सैल. काय चाललंय तुझं?"

काकीला विचारलं तर ती आधी नाहीच म्हणाली. मग शिवता शिवता हळूहळू सांगायला लागली. मशीन पायाने चालवायचं, ते चालतं. पण जिना उतरताना गुडघ्यात सुई घातल्यासारखं होतं. संडासात खाली बसलं की उठताना नळाला धरावं लागतं, आणि तो नळ आता हलायला लागलाय. कधीकधी गुडघ्याला सूज येते, मग रात्री कूस बदलली तरी जाग येते.

"काकांना सांगितलंस का हे?"

"काय सांगायचं? नळ हलतो म्हणून?" ती हसली. "ते म्हणतील प्लंबरला बोलव."

मी रात्री जेवताना जाहीर केलं, "शिबिरात पाकिटं बदललीत. आज्जीची फिल्म काकीची आहे आणि काकीची आज्जीची."

काकांचा घास हातातच राहिला. आज्जी भडकली. तिचे कोंब तिच्याकडून कुणी काढून घेतंय असं तिला वाटलं. "माझेच आहेत ते! मला कळत नाहीत माझे गुडघे?"

पण काकांना शंका आली. ते कापडाचे व्यापारी आहेत. एका गठ्ठ्याची चिठ्ठी दुसऱ्याला लागलेली त्यांनी किती वेळा पाहिली असेल. "असं होऊ शकतं," ते म्हणाले. "सरी, ठीक आहे, डॉक्टरला दाखवू. एकदाचं मिटेल."

काकीने माझ्याकडे पाहिलं. मी डोळा मारला.

डॉक्टर मोहनकुमार हाडांचे डॉक्टर. आमच्याच समाजाचे, त्यांच्या घरी अजून मराठी बोलतात, मधेमधे कन्नड घालून, आमच्यासारखंच. त्यांचा दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे. हाडांच्या डॉक्टरचा! जिन्यावर एक एक पायरी दोन्ही पाय ठेवून चढणाऱ्या बायका, भिंतीला धरलेले म्हातारे. आज्जी सगळ्यांच्या पुढे गेली. काकी शेवटी पोचली. वर येऊन बाकावर बसली तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता आणि काका घड्याळ बघत होते.

आत गेल्यावर मी कुणी बोलायच्या आत सांगून टाकलं, "डॉक्टर, फिल्म बदलल्यात."

डॉक्टरांना मजा वाटली. "कशावरून?"

"जिला दुखत नाही तिचं वाईट आलंय."

"अच्छा. मग बघू या." त्यांच्या भिंतीवर एक पांढरा उजेडाचा डबा होता. त्यांनी चारही गुडघे त्यावर लावले आणि मला जवळ बोलावलं. आमच्या ट्यूबलाइटपेक्षा हे दहापट भारी. हाडातल्या बारीक रेघासुद्धा दिसत होत्या.

"हे आकडे बघ कोपऱ्यात. फोटो काढतानाच शिशाचे आकडे खाली ठेवतात, ते फिल्ममध्येच छापून येतात. पाकीट बदलेल, हे बदलणार नाहीत. आता चिठ्ठीवरचा नंबर वाच."

मी वाचला. आज्जीचा आज्जीचाच. माझा चेहरा पडला असणार, कारण आज्जीने विजयी नजरेने माझ्याकडे पाहिलं.

"शिवाय आज्जी, उभ्या राहा बघू. बघ, पाय कसे कमानीसारखे बाहेर वळलेत? फिल्ममध्येही आतली बाजू जास्त झिजलीय. जुळतंय."

"मग ही ग्रेड तीन आणि काकी ग्रेड एक कशी?"

आता इथे काका खुर्चीत पुढे सरकून बसले. डॉक्टरांनी पेनचं टोक आज्जीच्या फिल्मवर टेकवलं.

"हाड पांढरं दिसतं. दोन हाडांमध्ये ही काळी फट आहे ना, ती रिकामी नाही. तिथे कूर्चा असते, हाडाच्या टोकावरचं गुळगुळीत आवरण. पण एक्स-रेमध्ये ती दिसत नाही. म्हणून आम्ही फट मोजतो. कूर्चा झिजली की वरचं हाड खाली येतं, फट अरुंद होते. आणि हाड कडेला पसरतं, ते हे कोंब. शून्य म्हणजे काही नाही. एक म्हणजे शंका. दोन म्हणजे कोंब नक्की आहे, फट कदाचित कमी. तीन म्हणजे कोंब बरेच, फट नक्की कमी, कडेचं हाड जास्त पांढरं झालेलं. चार म्हणजे फट जवळजवळ मिटलेली, हाडाचा आकारच बिघडलेला."

"म्हणजे पास-नापाससारखं," मी म्हणाले.

"हाडाचं, हो. दुखण्याचं नाही. किती जणांनी हे ऐकून घेतलंय सांगू? फार थोड्यांनी." ते काकांकडे वळले. "अण्णा, शंभर माणसं घेतली तर ग्रेड वाढेल तसे दुखणारेही वाढतात. पण एका माणसाची फिल्म बघून त्याला किती दुखतं ते मला सांगता येत नाही."

"का?" हे मी. काकांच्या तोंडून निघायच्या आत.

"कूर्चेला दुखत नाही. तिला नसाच नाहीत. दुखतं ते आजूबाजूला: कूर्चेखालच्या हाडाला, सांध्याच्या आतल्या अस्तराला, पाणी साठून ताणलं की सांध्याभोवतीच्या पिशवीला, स्नायूंना. यातलं बहुतेक फिल्ममध्ये येतच नाही."

मला तर ऐकून चक्रावल्यासारखं झालं. म्हणजे फिल्मवर जे दिसतं त्यातला बराच भाग दुखत नाही आणि जे दुखतं त्यातला बराच भाग दिसत नाही! एवढं कोडं कुणी पुस्तकात घातलं तर मी म्हणेन खोटं आहे.

डॉक्टरांनी काकीची फिल्म पुन्हा नीट पाहिली. "अक्का, शिबिरात फोटो झोपवून काढला का?"

"हो. टेबलावर. मागे मोठी रांग होती, सगळ्यांना झोपवूनच काढत होते."

"हं. झोपलं की गुडघ्यावर वजन नसतं, फट आहे त्यापेक्षा मोठी दिसू शकते. उभ्याने काढायला हवा. आणि बाजूनेही. खाली शेजारीच होईल, काढून आणा."

माझ्या अंगात पुन्हा वारं शिरलं. हेच! पाकिटं नाही, पण फोटो चुकला होता! आता उभ्याने काढला की काकीच्या गुडघ्यात असे कोंब निघतील, इतके कोंब, की काकांची बोलतीच बंद. मी काकीचा हात धरून तिला जिना उतरवला. ती एका बाजूने, कठड्याला धरून, डावा पाय आधी. "काकी, आपण जिंकलो," मी कानात म्हणाले.

"स्पर्धा आहे का गं?" ती म्हणाली, पण तिचा आवाजही जरा हलका झाला होता.

एक्स-रे काढणाऱ्याने तिला दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन उभं केलं. मग बाजूने. आम्ही बाकावर वाट बघत बसलो. आज्जीने समोरच्या बाईला तिची ग्रेड विचारली. बाईला माहीत नव्हती. आज्जी म्हणाली, "माझी तीन." मला वाटतं ती आता ते लग्नातही सांगेल.

फिल्म अजून ओलसर होती. डॉक्टरांनी उजेडाच्या डब्यावर लावली आणि मी श्वास रोखून धरला.

"आतल्या बाजूची फट किंचित कमी. इथे बारीक कोंब, हा नक्की आहे. आणि बाजूच्या फोटोत गुडघ्याच्या वाटीच्या मागे अजून एक, छोटासा. ग्रेड दोन म्हणू."

दोन. फक्त दोन!

काका खुर्चीत मागे टेकले. ते वाईट माणूस नाहीत, हे आधीच सांगायला हवं होतं. गेल्या वर्षी मला ताप आला तेव्हा रात्रभर कपाळावर घड्या ठेवत बसले होते. पण त्यांना मोजलेलं लागतं. कापड वारात लागतं, साखर किलोत लागते. ते म्हणाले, "दोन. म्हणजे आईपेक्षा कमीच की."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं रागाने. मला त्या फिल्मचाच राग आला. एवढं उभं केलं काकीला आणि तू एवढंच दाखवलंस?

डॉक्टरांनी मात्र फिल्मकडे पाठ केली होती. "अक्का, इथे पडा."

त्यांनी आधी काकीचा पाय मांडीपासून आत-बाहेर फिरवला. "खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं कधीकधी. ते नाही, सरी." मग गुडघ्याच्या वर तळहाताने दाबून दुसऱ्या हाताच्या बोटांनी वाटी खाली दाबली. वाटी खाली गेली, टेकली, परत वर आली. पाण्यावरच्या बुचासारखी. "पाणी साठलंय. काव्या, बघायचंय?"

बघायचंय म्हणजे काय! त्यांनी माझा हात धरून दाखवलं. माझ्या बोटाखाली काकीच्या गुडघ्याची वाटी खरोखर तरंगत होती. मग त्यांनी आतल्या बाजूला सांध्याच्या रेषेवर अंगठा ठेवला आणि काकीने ओठ दातात धरला. मग पाय सरळ करून वर उचलायला सांगितला, तर मांडी थरथरायला लागली.

"मांडीचा पुढचा स्नायू बारीक झालाय. दुखतं म्हणून वापरत नाही, वापरत नाही म्हणून बारीक होतो, मग गुडघ्याला आधार राहत नाही." त्यांनी आज्जीचीही मांडी चाचपली. "यांची बघा. लाकूड आहे."

"रोज देवळात जाते," आज्जी म्हणाली.

"तेही असेल. आणखी काय काय असेल, सगळं मलाही ठाऊक नाही. एकाच ग्रेडच्या दोन माणसांत एक रात्रभर जागा असतो आणि दुसरा झोपलेला, हे मी रोज बघतो." त्यांनी काकीला व्यायाम दाखवले, काही दिवस गोळ्या, खाली उकिडवं बसायचं नाही, जिने कमी. सूज उतरली नाही तर परत या. काकांनी लगेच विचारलं, आईचं ऑपरेशन? "यांना दुखत नाही, हिंडता-फिरता येतं. फिल्मचं ऑपरेशन करू का मी? चालू द्या."

काकांनी सगळ्या फिल्म गोळा केल्या. दारापर्यंत गेले आणि परत वळले. "डॉक्टर, एक सरळ सांगा. हिला खरंच दुखतंय का?"

डॉक्टर हसले नाहीत. "ते मला का विचारता, अण्णा? त्या इथेच उभ्या आहेत."

आम्ही उतरलो. रिक्षात चौघं कशीबशी बसलो, आज्जीच्या मांडीवर मी, आणि तिच्या मांडीला लाकडासारखं काही वाटत नव्हतं, पण ते असो.

रविवारी संध्याकाळपर्यंत घरात कुणी फ्लॅटचा विषय काढला नाही. उद्या सोमवार. काकी पलंगावर बसून पाय सरळ वर धरून आकडे मोजत होती आणि काका दुकानाच्या पावत्या लावत होते. मी मात्र आतून उकळत होते. फिल्मने आम्हाला दगा दिला होता. मग मला सुचलं. फिल्मनेच काकांना अडकवता येतं!

"काका," मी म्हणाले. "तुमचा फिल्मवर विश्वास आहे ना?"

"हं."

"मग आज्जीची ग्रेड तीन आहे. फिल्म खरी असेल तर आज्जीला तिसऱ्या मजल्यावर नेताच येणार नाही. बरोबर?"

त्यांनी वर पाहिलं.

"आणि फिल्म खरी नसेल, म्हणजे ग्रेड तीन असून दुखत नाही असं होऊ शकत असेल, तर ग्रेड दोन असून खूप दुखतं असंही होऊ शकतं. मग काकीचं खरं. दोन्हीकडून तळमजला!" मी टाळी वाजवली. भूमितीच्या बाईंनी पाहिलं असतं तर पाठ थोपटली असती.

काकांनी चष्मा काढला, ते हसले आणि त्यांनी मान हलवली. "वकील होणार ही. सरी, सरी. तळमजला घेऊ. आईचे गुडघे झिजलेत, उद्या दुखायला लागले तर? आईसाठी तळमजला."

मी उडीच मारली. पण माझ्याशिवाय कुणी खूश दिसेना.

"माझ्यासाठी?" आज्जी पोथी बाजूला ठेवून म्हणाली. "मला काय झालंय? मला तिसरा हवाय. सांडगे कुठे घालू मी, गटारावर? उद्या सगळ्यांना सांगशील आईला चढवत नाही म्हणून. मला आजारी ठरवू नकोस, रत्ना."

"अगं आई, फिल्ममध्ये..."

"घाल ती फिल्म चुलीत!" पाच दिवस जी फिल्म मिरवत होती तीच बाई! मला हसू येणार होतं, तेवढ्यात काकी बोलली. मोजणं थांबवून, पाय खाली ठेवून.

"आईंसाठी घेणार असाल तर नका घेऊ."

"आता हे काय? तुला तळमजलाच हवा होता ना?"

"हवा होता. पण आईंच्या नावाने नको." तिचा आवाज मोठा नव्हता. "आईंना दुखत नाही, तरी तुम्ही त्यांच्या गुडघ्यासाठी घर बदलता. मला दुखतं, मी दोन वर्षं सांगते. तर तुम्ही खुर्चीवर चढून बघता. काव्याने एवढं डोकं लढवलं, चांगलं केलं तिने. पण असं फसवून नको मला घर. तिसऱ्या मजल्यावर घ्या. मी चढेन. बसत बसत चढेन."

माझा आनंद सर्रकन खाली उतरला. मला वाटलं होतं की तळमजला मिळाला की संपलं. काकीला तळमजला हवाच होता, पण त्याच्या आधी अजून एक गोष्ट हवी होती, आणि ती माझ्या भूमितीत कुठेच नव्हती.

काका पावत्यांच्या गठ्ठ्याकडे बघत बसले. आज्जी पोथी उघडून वाचत नव्हती. मला बोलायची फार इच्छा झाली, जीभ अगदी वळवळत होती, पण मी गप्प बसले. हे माझ्यासाठी सोपं नाही, विचारा कुणालाही.

मग काका उठले. खुर्ची होती तिथेच राहू दिली आणि पलंगाच्या कडेला, काकीच्या पायांशी बसले.

"कुठे दुखतं?"

काकी त्यांच्याकडे बघतच राहिली.

"सांग ना. डॉक्टरने इथे दाबलं तेव्हा तू ओठ चावलास. इथे?"

"त्याच्या जरा आत," काकी म्हणाली. "आणि उतरताना वाटीच्या मागे. चढताना एवढं नाही, उतरताना जास्त."

"चढताना कमी?" काकांना हे खरंच नवीन होतं. "मला वाटायचं उलटं असेल."

"सगळ्यांना तसंच वाटतं."

"आणि रात्री?"

तिने सांगितलं. कूस बदलण्याचं सांगितलं. नळाचं सांगितलं. लग्नात पंगतीला खाली बसायची वेळ आली की ती वाढायला का उठते तेही सांगितलं, जे मलासुद्धा माहीत नव्हतं. काका मधेमधे विचारत होते, केव्हापासून, कुठल्या पायात जास्त, मशीनवर किती वेळ बसलं की. कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकाला हवा तो रंग कळेपर्यंत ते विचारत राहतात ना, तसं. मोजत नव्हते. आज्जीही पोथी बंद करून ऐकायला लागली आणि म्हणाली, "अय्यो, पंगतीचं मला कधी बोलली नाहीस गं. मी सगळ्यांना सांगायचे, माझ्या सुनेला वाढायची भारी हौस."

काकी हसली. मग तिला एकदम रडू आलं, मग पुन्हा हसू.

"मग आई, सांडग्यांचं काय करायचं?" काकांनी विचारलं.

"गच्ची कुठे पळून जातेय? मला दुखत नाही. मी जाईन चढून," आज्जी म्हणाली. "काव्याला पाट घेऊन पाठव म्हणजे झालं."

सोमवारी सकाळी काकांनी माझ्यासमोरच फोन लावला. बिल्डरच्या माणसाचा आवाज एवढा मोठा होता की मला पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. तो कन्नडमध्ये म्हणाला, "सर, वरचा घ्या, सगळे वरचाच मागतात, तळमजला का?"

काकांनी क्षणभर फोन कानापासून दूर धरला. काकी मशीनवर ब्लाउजची बाही लावत होती. मशीनचा आवाज थांबला.

"माझ्या बायकोचे गुडघे दुखतात," काका म्हणाले.

पलीकडच्याने काहीतरी विचारलं, मला वाटतं डॉक्टरांना दाखवलं का असं.

"दाखवलं. पण ती सांगते ना," काका म्हणाले, आणि तळमजल्याची चावी कधी मिळेल ते विचारायला लागले.